वॉचमनचा नवा नंबर

सोसायटीच्या ग्रुपवर एके दिवशी मेसेज येतो : ‘प्लीज नोट वॉचमन न्यू नंबर’, आणि पुढे दहा आकडे. खाली पाच-सात अंगठे पडतात, कोणीतरी ‘नोटेड’ लिहितं, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचे केक आणि फुगे येतात आणि मेसेज वर सरकून जातो. ज्यांनी अंगठा दाखवला त्यांतल्या किती जणांनी नंबर सेव्ह केला, हे विचारण्यात अर्थ नसतो. लागला तर ग्रुपवर शोधू, असा प्रत्येकाचा हिशोब असतो.

हा हिशोब एका बाजूने बरोबर आहे. आपल्याला वॉचमनला फोन करायचा असेल तर नंबर शोधता येतो, इंटरकॉम असतो, नाहीतर गॅलरीतून हाक मारता येते. पण वॉचमनने आपल्याला फोन केला तर? नंबर सेव्ह करायचा तो मुख्यतः यासाठी की त्याचा फोन आल्यावर तो कोणाचा आहे हे कळावं आणि आपण तो उचलावा.

पुण्यातल्या एका सोसायटीत घडलेली गोष्ट सांगतो. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद ठेवतात आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ असं पालिकेचं ठरलेलं वाक्य असतं. अशाच एका गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, पाणी नव्हतं, आणि नळ तसाच राहिला. सिंकमध्ये भांडी होती, एक ताटली बरोबर जाळीवर बसलेली. संध्याकाळी कुटुंब लग्नासाठी नाशिकला गेलं. शुक्रवारी पाणी आलं, पंप चालू झाला, वरची टाकी भरली आणि नळ वाहू लागला. दाराखालून पाणी जिन्यावर यायला लागल्यावर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वॉचमनला बोलावलं.

वॉचमनने लगेच बाईंना फोन लावला. त्याचा नंबर चारच दिवसांपूर्वी बदलला होता. कार्यालयात अक्षता पडत होत्या, स्क्रीनवर अनोळखी नंबर दिसला, क्रेडिट कार्डवाले असतील म्हणून बाईंनी कट केला. दुसऱ्यांदा केला, तो वाजू दिला. तिसऱ्या वेळी फोन पर्समध्ये होता. शेवटी सेक्रेटरींनी स्वतःच्या फोनवरून लावला तेव्हा कळलं की किल्ली त्याच इमारतीत, समोरच्या विंगमधल्या मैत्रिणीकडे आहे. तोवर तासभर गेला होता. हॉलमधला गालिचा भिजला, लाकडी कपाटाचा खालचा भाग फुगला आणि पाणी शिरू नये म्हणून लिफ्ट बंद ठेवावी लागली. किल्ली दोन मिनिटांच्या अंतरावर होती, ही त्यातली चुटपुट लावणारी गोष्ट.

बाईंचा तसा काही दोष नाही. हल्ली अनोळखी नंबर न उचलणं हाच शहाणपणा मानला जातो, आणि फोनही तोच शहाणपणा शिकले आहेत. अनेक फोनांमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय असते. ती चालू असेल तर सेव्ह नसलेल्या नंबरचा फोन येतो, पण रिंग वाजत नाही, नंतर फक्त यादीत दिसतो. व्हॉट्सॲपवरच्या कॉललाही अशीच सेटिंग आहे. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून झोपणारे तर घरोघरी आहेत. त्यावर उपाय सोपा आहे. नंबर सेव्ह केल्यावर त्याला स्टार द्यायचा किंवा फेव्हरिटमध्ये टाकायचा, आणि डू नॉट डिस्टर्बच्या सेटिंगमध्ये जाऊन अशा नंबरांचे कॉल येऊ द्यायचे की नाही हे एकदा बघून घ्यायचं. मग रात्री दोनला गाडीचा अलार्म वाजत राहिला किंवा मीटरबॉक्समधून धूर आला तर वॉचमनचा फोन आपल्यापर्यंत पोचतो.

आणखी एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. काही ठिकाणी टँकर कधी येणार, लिफ्ट कधी बंद राहणार हे निरोप केबिनच्या फोनवरून व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टने जातात. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच मिळतो ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे. बाकीच्यांना तो येतच नाही, आणि आला नाही हेही कळत नाही. मग ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ हे वाक्य सर्वसाधारण सभेत ऐकू येतं, आणि ते खरंही असतं.

सेव्ह करताना सगळे एक घोटाळा करतात. जुना ‘वॉचमन’ तसाच ठेवून ‘वॉचमन न्यू’ तयार करतात. पुढच्या वर्षी ‘वॉचमन न्यू २’ येतो. ऐन घाईत तीन वॉचमन समोर उभे राहतात आणि बोट नेमकं पहिल्यावर पडतं. त्यापेक्षा जुनीच नोंद उघडून आतला नंबर बदलावा. नंबराआधी +91 लावला तर परदेशात गेलेल्या मुलाच्या फोनवरूनही तो तसाच लागतो. फ्लॅट भाड्याने देऊन बाहेर राहणाऱ्यांना याचा खरा उपयोग.

जुना नंबर काढून टाकायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. वापरात नसलेला मोबाइल नंबर कायमचा मरत नाही. बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो कोणाला देत नाहीत, त्यानंतर कंपनी तो नव्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे तीन-चार महिन्यांनी आपण रात्री साडेअकराला ‘दादा, जरा गेट उघडा’ म्हणतो आणि पलीकडे चंद्रपूरचा कोणी गृहस्थ झोपेतून उठून ‘कुठलं गेट?’ विचारतो. एवढ्यावर भागलं तर ठीक. पण आपण सवयीने ‘किल्ली चपलांच्या कपाटात ठेवली आहे, कामवाल्या मावशींना द्या’ असा मेसेज त्या नंबरला पाठवला, तर तो कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

मुळात वॉचमनचा नंबर इतका बदलतो का? कारण तो नंबर गेटचा नसतो, माणसाचा असतो. एजन्सी माणूस दुसऱ्या साइटवर हलवते, नाहीतर तो गावी जातो आणि महिना-दोन महिने येत नाही, त्याच्या जागी बदली माणूस स्वतःचा फोन घेऊन उभा राहतो. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, ही सोय देशभर २०११ पासून आहे, पण इथे तिचा काही उपयोग नाही, कारण इथे माणूसच बदललेला असतो. आणि त्या माणसाच्या बाजूनेही बघायला हवं. बारा तासांची पाळी संपवून तो खोलीवर झोपलेला असतो आणि अठ्ठेचाळीस फ्लॅटांपैकी कोणीतरी त्याच्या स्वतःच्या नंबरवर ‘पार्सल आलं का?’ विचारत असतं. त्याने फोन बंद ठेवला की आपण म्हणतो, वॉचमन फोन उचलत नाही.

म्हणून ज्या सोसायट्यांनी केबिनसाठी सोसायटीच्या नावावर वेगळं सिम आणि एक साधा फोन घेतला, त्यांना हा मेसेज पुन्हा पाठवावा लागत नाही. फोन केबिनमध्ये राहतो, चार्जर भिंतीला बांधलेला असतो आणि पाळी बदलताना रजिस्टरमध्ये सहीबरोबर फोनही ताब्यात दिला जातो. रिचार्जची तारीख मात्र कमिटीतल्या एका माणसाच्या अंगावर हवी. नाहीतर वैधता संपते, आधी बाहेर जाणारे कॉल थांबतात, पुढे येणारेही, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. फोनवर व्हॉट्सॲप असेल तर त्याचा टू-स्टेप पिन सेक्रेटरींकडे ठेवावा.

नवा फोन आला की आणखी एक काम राहून जातं. तो रिकामा असतो. जुन्या वॉचमनच्या फोनमध्ये सगळ्या घरांचे नंबर होते, ते त्याच्याबरोबर गेले. इथे मिस्ड कॉलची युक्ती चालते : प्रत्येक घराने नवा नंबर सेव्ह करून एक मिस्ड कॉल द्यायचा आणि फ्लॅट नंबर मेसेजने कळवायचा. वॉचमन ते नंबर माणसांच्या नावाने नाही, फ्लॅटने सेव्ह करतो, ‘बी ३०२’ असे. रात्री त्याला दिसतं ते दार, आत राहणाऱ्या काकूंचं आडनाव नव्या माणसाला ठाऊक नसतं. शिवाय हीच यादी कागदावर, केबिनच्या आत लावलेली बरी. बाहेरच्या बाजूने लावली तर येणारा-जाणारा डिलिव्हरीवाला तिचा फोटो काढू शकतो.

आता मेसेज. तो असा असला तर काम भागतं :

‘सर्व सभासदांना नमस्कार. सोमवार सकाळपासून गेटवरचा फोन नंबर बदलत आहे. नवा नंबर : (दहा आकडे). दिवसपाळी आणि रातपाळी, दोन्हींना हाच नंबर. जुना नंबर, ज्याच्या शेवटी ४१ होते, तो बंद झाला आहे. तो काढून त्याच नावाखाली नवा सेव्ह करावा. सेव्ह केल्यावर एक मिस्ड कॉल द्या आणि फ्लॅट नंबर कळवा. घरातल्या ज्येष्ठांच्या आणि मदतनीसांच्या फोनमध्येही सेव्ह करा. या नंबरवरून पैसे किंवा ओटीपी कधीही मागितला जाणार नाही. – सेक्रेटरी’

नंबर आकड्यांत टाइप केलेला असावा, नोटिशीच्या फोटोत नको. फोटोतल्या नंबरवर बोट ठेवून सेव्ह करता येईलच असं नाही, आणि ज्यांना चष्मा लावून आकडे एकेक करून उतरवावे लागतात ते उद्यावर टाकतात. मेसेज पिन करता येतो, पण व्हॉट्सॲपवर जास्तीत जास्त ३० दिवस. त्यामुळे नंबर ग्रुपच्या माहितीतही लिहून ठेवावा, तिथे तो मुदतीशिवाय राहतो. ग्रुपवर नसलेल्यांसाठी लिफ्टमध्ये मोठ्या अक्षरांचा कागद हवाच.

पैशांची ओळ आगाऊ वाटेल. पण ‘माझा नंबर बदलला, हा सेव्ह करा’ ही फसवणाऱ्यांचीही नेहमीची सुरुवात असते. म्हणून असा निरोप अनोळखी नंबरवरून थेट आला तर आधी इंटरकॉमवर गेटला विचारावं. नाहीतर खाली उतरल्यावर केबिनसमोर उभं राहून नव्या नंबरवर फोन लावावा. आतला फोन वाजला की खात्री झाली, आणि आपला मिस्ड कॉलही देऊन झाला.