कर्जाचा हप्ता नव्या बँक खात्यातून: बदलाच्या काळात खंड कसा टाळावा?

नोकरी बदलली की बहुधा पगाराचे खातेही बदलते. गृहकर्जाचा किंवा वाहनकर्जाचा हप्ता मात्र जुन्याच खात्यातून परस्पर वळता होत असतो. तो नव्या खात्यावर नेण्यासाठी अर्ज केला की काम संपले, असा अनेक कर्जदारांचा समज असतो. प्रत्यक्षात अर्ज आणि नव्या खात्यातून होणारी पहिली वसुली यांच्यामध्ये काही आठवडे जातात. हप्ता चुकतो तो बहुतेक वेळा याच काळात.

हप्त्याची वसुली कशी होते?

एका बँकेतील खात्यातून दुसऱ्या संस्थेच्या कर्जाचा हप्ता वळता करण्याचे काम देशात मुख्यत्वे 'एनएसीएच' या यंत्रणेमार्फत चालते. ही यंत्रणा भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ म्हणजे एनपीसीआय चालवते. कर्जदार आपल्या खात्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम घेण्याची परवानगी कर्ज देणाऱ्या संस्थेला देतो. या परवानगीला बँकांच्या भाषेत 'मँडेट' म्हणतात. कर्जदाराच्या बँकेने ते स्वीकारले की नोंदणी पूर्ण होते. प्रत्येक मँडेटला 'यूएमआरएन' हा स्वतंत्र क्रमांक असतो.

मँडेट ही केवळ परवानगी आहे. प्रत्यक्ष वसुलीसाठी कर्ज देणारी संस्था दर महिन्याला हप्त्यांची यादी तयार करून आपल्या बँकेमार्फत पाठवते आणि त्या यादीनुसार रक्कम वळती होते. ही यादी हप्त्याच्या तारखेच्या काही दिवस आधीच तयार केली जाते. त्यामुळे नव्या मँडेटची नोंदणी झाली, तरी त्या महिन्याची यादी आधीच बंद झालेली असेल, तर हप्त्याची मागणी जुन्याच खात्यावर जाते.

एक उदाहरण

समजा, नागपूर येथील एका कर्मचाऱ्याने बंगळुरूमध्ये नवी नोकरी स्वीकारली. त्याच्या गृहकर्जाचा हप्ता १८,६४० रुपये असून तो दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. ऑगस्टअखेरचा पगार प्रथमच नव्या बँकेत जमा होणार आहे. १० ऑगस्ट रोजी त्याने कर्ज देणाऱ्या संस्थेकडे खाते बदलण्याचा अर्ज केला आणि नव्या खात्याचे मँडेट भरून दिले. २४ ऑगस्ट रोजी नोंदणी झाल्याचा संदेश आला. मात्र संस्थेची सप्टेंबरची यादी २० ऑगस्टलाच बंद झाली होती. साहजिकच ५ सप्टेंबरचा हप्ता जुन्या खात्यातून मागितला जाईल आणि नव्या खात्यातून पहिली वसुली ५ ऑक्टोबरला होईल.

अशा वेळी अर्ज करतानाच संस्थेला एक प्रश्न लेखी विचारणे हिताचे ठरते: नव्या खात्यातून पहिला हप्ता कोणत्या तारखेला घेतला जाईल? 'नोंदणी झाली' एवढे उत्तर पुरेसे नाही. नव्या मँडेटचा यूएमआरएन आणि पहिल्या वसुलीची तारीख या दोन्ही गोष्टी ई-मेलवर मागून घ्याव्यात.

जुन्या खात्यात हप्त्याइतकीच रक्कम ठेवणेही धोक्याचे ठरू शकते. पगार येणे थांबल्यावर अनेक बँका पगार खात्याचे रूपांतर साध्या बचत खात्यात करतात. अशा खात्याला किमान शिलकीची अट लागू झाली आणि ती पाळली गेली नाही, तर शुल्क आकारले जाते. उदाहरणातील कर्मचाऱ्याने नेमके १८,६४० रुपये ठेवले आणि ३ सप्टेंबरला त्यातून काही रुपयांचे शुल्क कापले गेले, तर ५ तारखेला हप्ता अंशतः वळता होत नाही. संपूर्ण मागणी परत जाते. म्हणून हप्ता आणि किमान शिल्लक यांची बेरीज हप्त्याच्या आदल्या दिवसापर्यंत खात्यात असावी. ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सुटीच्या दिवशीही चालू असते. त्यामुळे ५ तारीख रविवारी आली, तर आणखी एक दिवस मिळेल असे गृहीत धरू नये.

नवे मँडेट का नाकारले जाते?

कागदी अर्जावरील सही बँकेतील नोंदीशी न जुळणे हे नेहमीचे कारण आहे. खातेदाराच्या नावातील फरक, खाते क्रमांकातील चूक किंवा संयुक्त खात्यावर दोघांच्या सह्या आवश्यक असताना एकाचीच सही असणे, यामुळेही अर्ज परत येतो. नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार यांद्वारे केलेल्या नोंदणीत सहीचा प्रश्न उद्भवत नाही आणि निकालही लवकर कळतो. नव्या बँकेच्या नेटबँकिंगमधील मँडेटच्या यादीत कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव दिसत असेल, तर बँकेच्या बाजूची नोंदणी झाली असे समजावे. मँडेटमधील कमाल मर्यादाही तपासावी. व्याजदर वाढून हप्ता त्या मर्यादेपलीकडे गेला, तर खात्यात पैसे असूनही मागणी परत जाऊ शकते.

जुने मँडेट सुरुवातीलाच रद्द करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. दोन्ही मँडेट चालू राहिली, तरी त्यामुळे आपोआप दोन हप्ते जात नाहीत. संस्थेने ज्या खात्यावर मागणी पाठवली, तेथूनच रक्कम घेतली जाते. जुने मँडेट रद्द झाले आणि मागणी तिकडेच गेली, तर मात्र ती परत येणे अटळ असते.

हप्ता परत गेलाच तर

अशा वेळी दोन ठिकाणी भुर्दंड बसू शकतो. खातेदाराची बँक परतीचे शुल्क घेते आणि कर्ज देणारी संस्था आपले शुल्क वेगळे लावते. त्याहून गंभीर बाब म्हणजे त्या दिवसअखेर कर्ज थकीत दिसू लागते आणि ही नोंद पतमाहिती संस्थांकडे जाऊ शकते. शिल्लक अपुरी असल्याने मागणी परत गेल्यास देयक आणि समायोजन प्रणाली कायदा २००७ च्या कलम २५ अन्वये कारवाईचीही तरतूद आहे. अर्थात, त्याआधी कर्जदाराला लेखी सूचना मिळते आणि रक्कम भरण्यासाठी १५ दिवसांची मुदत असते.

मागणी परत गेल्याचा संदेश येताच हप्ता त्याच दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावरून किंवा शाखेत कर्ज खात्याच्या क्रमांकावर भरून पावती घ्यावी. काही संस्था तीच मागणी काही दिवसांनी पुन्हा पाठवतात. त्यामुळे रक्कम भरल्याचे लेखी कळवून दुसरी मागणी थांबवण्यास सांगावे. अन्यथा एकाच महिन्यात दोनदा रक्कम जाण्याचा किंवा परतीचे शुल्क पुन्हा लागण्याचा संभव असतो.

उदाहरणातील कर्मचाऱ्याने ५ ऑक्टोबरला दोन्ही खात्यांत पुरेशी रक्कम ठेवावी. नव्या खात्यातून हप्ता गेल्याची आणि कर्ज खात्यात तो जमा झाल्याची नोंद पाहावी. त्यानंतर जुने मँडेट रद्द करण्याचा अर्ज द्यावा आणि विमा किंवा म्युच्युअल फंडाचे अन्य कोणतेही हप्ते जुन्या खात्याशी जोडलेले नाहीत, याची खात्री झाल्यावरच ते खाते बंद करावे.