कळतं, पण त्या क्षणी वळत नाही : किशोरवयीन मेंदूतली छाटणी

माणसाच्या मेंदूत चेतापेशी एकमेकींशी जिथे संदेशांची देवाणघेवाण करतात, त्या जोडणीला सिनॅप्स म्हणतात. जन्मानंतर या जोडण्या झपाट्याने वाढतात आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतात. शिकागो विद्यापीठातील बालमेंदूतज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्या मोजल्या. नवजात अर्भकापासून वृद्धांपर्यंत सर्व वयांचे नमुने त्यात होते. कपाळामागच्या भागात एक-दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूत या जोडण्यांची दाटी प्रौढापेक्षा सुमारे दीडपट असते आणि पुढे ती सोळाव्या वर्षापर्यंत उतरत जाते, असे त्यांना 1979 मध्ये आढळले. वाढत्या वयात मेंदूतले काहीतरी कमी होते आणि तीच वाढीची खूण असते, हे तोवर फारसे कोणाच्या ध्यानात आलेले नव्हते.

ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या मजबूत होतात; ज्यांच्यावरून संदेशांची ये-जा होत नाही त्या कमकुवत पडून नाहीशा होतात. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मेंदूत राखणीचे आणि साफसफाईचे काम करतात. नको असलेल्या जोडण्या गिळून टाकण्यात त्यांचाही वाटा असतो. याच काळात उरलेल्या लांब तंतूंवर मायलिनचे स्निग्ध आवरण चढत जाते आणि संदेश पूर्वीपेक्षा पुष्कळ वेगाने धावू लागतात. जोडण्या कमी झाल्या म्हणून बुद्धी कमी होत नाही. उलट मेंदूचे काम अधिक नेमके आणि कमी खर्चाचे होते.

मेंदूच्या सगळ्या भागांत ही छाटणी एकाच वेळी होत नाही. ऐकण्या-बघण्याशी संबंधित भागांचे काम बालपणातच बरेचसे आटोपते. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स मात्र सर्वांत शेवटच्या भागांपैकी एक असतो. मनात आलेली कृती रोखून धरणे, परिणामांचा अंदाज घेणे, आत्ताच्या मोहापेक्षा पुढचा फायदा निवडणे ही कामे त्याच्याकडे असतात. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे काही वर्षांच्या अंतराने एमआरआय काढले. कपाळाकडच्या भागातील करडे द्रव्य मुलींमध्ये साधारण अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षी सर्वाधिक असते आणि नंतर घटू लागते, असे त्यांना 1999 मध्ये दिसले. प्रत्यक्ष मेंदूपेशींवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर ही छाटणी विशीतही चालू असल्याचे आढळले.

भावना आणि बक्षीस यांना प्रतिसाद देणारे खोलवरचे भाग मात्र इतका वेळ थांबत नाहीत. वयात येताना डोपामिनवर चालणारी ही यंत्रणा विशेष संवेदनशील होते. नवेपणा, वेग, मित्रांची वाहवा यांची गोडी या वयात जितकी लागते तितकी आधी नसते आणि नंतरही उरत नाही. लॉरेन्स स्टाइनबर्ग, बी. जे. केसी अशा मानसशास्त्रज्ञांनी किशोरांच्या धाडसाचा उलगडा याच तफावतीतून केला. ओढ लवकर जोर धरते, आवर सावकाश पक्का होतो आणि मधली काही वर्षे जोखमीची जातात.

हे किशोरांना धोका कळत नसल्यामुळे घडते का? या प्रश्नाचे उत्तर स्टाइनबर्ग यांच्या गटाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात फार स्वच्छ मिळते. किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तिन्ही वयोगटांतील व्यक्तींना स्कॅनरमध्ये झोपवून गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. वाटेत वीस चौक होते आणि लवकर पोहोचले तर जास्त पैसे मिळणार होते. सिग्नल पिवळा झाला की दोनच पर्याय उरत. थांबले तर थोडा वेळ जाई. पुढे घुसून निसटले तर वेळ वाचे, पण आडवी गाडी आली तर टक्कर होऊन थांबण्यापेक्षाही जास्त वेळ वाया जाई.

प्रत्येकाने हा खेळ एकदा एकट्याने आणि एकदा आपल्या मित्रांच्या नजरेखाली खेळला. मित्र शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर पाहत होते. एकटे असताना किशोरांनी प्रौढांपेक्षा जास्त धोका पत्करला नाही. मित्र पाहत आहेत हे कळल्यावर मात्र फक्त किशोरांचेच सिग्नल तोडणे आणि टकरा वाढल्या. त्याच वेळी त्यांच्या मेंदूतील बक्षिसाशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. प्रौढांमध्ये हा बदल दिसला नाही. मित्रांनी चिथावले नव्हते, आग्रह केला नव्हता. त्यांचे नुसते असणे पुरेसे ठरले.

घरात शांतपणे विचारले तर हेल्मेट का घालावे, ट्रिपल सीट का जाऊ नये, हे सोळा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसाइतकेच नीट सांगतो, कारण निवांतपणे तर्क करण्याची क्षमता या वयापर्यंत जवळपास प्रौढांच्या बरोबरीला आलेली असते. रात्री क्लास सुटल्यावर, मागे दोन मित्र बसलेले असताना तोच मुलगा वेगळा वागतो. त्याने घरी दिलेले उत्तर खोटे नव्हते. म्हणूनच धोक्याची माहिती पुन्हा पुन्हा ऐकवण्यापेक्षा जोखमीचा प्रसंगच घडू न देणे अधिक उपयोगी पडते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत नवख्या किशोर चालकांना सुरुवातीचे काही महिने रात्री गाडी चालवण्यावर आणि सोबत समवयस्क नेण्यावर बंधन असते, ते यासाठीच. भारतात सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतच्याच दुचाकीचा परवाना मिळू शकतो आणि मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. दहावीच्या निकालानंतर बक्षीस म्हणून 110 सीसीची स्कूटर हाती देणारे घर, ही मेंदूची घडण पाहता, मुलाला त्याच्या सर्वांत कच्च्या बाजूवर एकटे सोडते.

या स्पष्टीकरणाच्या मर्यादाही पालकांनी जाणून घ्यायला हव्यात. एमआरआयमध्ये सिनॅप्स दिसत नाहीत. करडे द्रव्य पातळ झालेले दिसते, त्याला छाटणीइतकेच मायलिनचे वाढणेही कारण असू शकते. पंचविसाव्या वर्षी मेंदू ‘पूर्ण’ होतो हे सर्रास ऐकू येणारे वाक्य फार ढोबळ आहे, कारण बदल त्यानंतरही चालू राहतात आणि मुलामुलांत मोठा फरक असतो. भारतासह अकरा देशांतील पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात उत्तेजनेची ओढ एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक आढळली, तर स्वतःला आवरण्याची क्षमता तेवीस ते सव्वीसच्या दरम्यान स्थिरावली. पण ही सरासरी आहे. एखाद्या मुलाचा स्कॅन पाहून तो बेफाम गाडी चालवील की नाही, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

प्रत्येक बदल ‘वयामुळे’ म्हणून सोडून देणेही धोक्याचे आहे. मित्रांच्या घोळक्यात उसळणारे आणि घरी आल्यावर निवळणारे धाडस या वयाला धरून असते. मुलगा मित्रांनाच टाळू लागला, आठवडेच्या आठवडे झोप आणि अभ्यास दोन्ही ढासळले, दुसऱ्यांना ऐकू न येणारे आवाज त्याला ऐकू येऊ लागले किंवा एकटा असतानाही तो स्वतःला इजा करू लागला, तर त्याचा या धाडसाशी संबंध लावू नये. स्किझोफ्रेनियासारखे आजार किशोरवयाच्या अखेरीस आणि विशीच्या सुरुवातीस डोके वर काढतात आणि अतिरेकी छाटणीशी त्यांचा संबंध असावा असे दर्शवणारा जनुकीय पुरावा 2016 मध्ये पुढे आला आहे. अशा लक्षणांसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे तातडीने जावे लागते.