दोनशे अंशांत दूध करपत का नाही?

अन्नप्रक्रियेच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न: स्प्रे, ड्रम आणि फ्रीझ ड्रायिंग यांतला फरक लिहा. विद्यार्थी रकाने आखतो आणि तापमानाच्या ओळीत स्प्रेला साधारण 200 अंश, ड्रमला 140-150, फ्रीझला शून्याखाली असं लिहून मोकळा होतो. आता हा तक्ता खरा मानला, तर स्प्रेचं दूध सगळ्यांत जास्त करपायला हवं. प्रत्यक्षात शिजकट वास येतो तो ड्रमच्या पावडरीला.

कारण 200 हा आकडा हवेचा आहे, दुधाचा नव्हे. दूध आधी निर्वातात आटवून घेतात, घन भाग जवळजवळ निम्मा होईपर्यंत. पाणी तिथे काढणं कितीतरी स्वस्त पडतं. मग उंच बंद टाकीत, अतिवेगाने फिरणाऱ्या चकतीवरून त्याचे बारीक तुषार उडवतात. गरम हवा लागताच थेंबातलं पाणी वाफ होतं आणि उष्णता सोबत घेऊन जातं. थेंब ओला आहे तोवर तो 45-50 अंशांच्या आसपासच राहतो. तो सुकेपर्यंत हवाही 80-90 अंशांवर उतरलेली असते. सारा खेळ काही सेकंदांचा. म्हशीच्या दुधाची अशी पावडर होणार नाही, असं तज्ज्ञ सांगत होते. आणंदला हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि 1955 मध्ये तिथला कारखाना सुरू झाला.

ड्रमचं गणित वेगळं. पोकळ रोलरच्या आत वाफ खेळते आणि दुधाचा पातळ थर थेट तापलेल्या धातूला चिकटतो. रोलरचा एक फेराही पुरा होत नाही, तोच पातं सुकलेला पापुद्रा खरवडून काढतं. इथेही वेळ सेकंदांचाच, पण दूध स्वतः शंभरी ओलांडतं. प्रथिनं बिघडतात, रंग किंचित तांबूस होतो. ही पावडर चमचाभर कोमट पाण्यात ढवळा, तळाशी कण बसलेले दिसतात. फॅटच्या गोळ्यांची आवरणं फुटून ते मोकळं होतं, म्हणून साठवणीत खवट होण्याची भीती. पण चॉकलेटवाल्यांना नेमकं हे मोकळं फॅटच हवं असतं, ते कोको बटरमध्ये सहज मिसळतं. बटाट्याच्या फ्लेक्सना आणि बाळाच्या तयार खिरीलाही ड्रमच बरा, कारण तिथे स्टार्च शिजायलाच हवा. तेव्हा ‘जुनी, निकृष्ट पद्धत’ हा उत्तरपत्रिकेतला शेरा मला पटत नाही.

फ्रीझ ड्रायिंगमध्ये पदार्थ आधी गोठवतात आणि हवेचा दाब 611 पास्कलच्या खाली नेतात. तिथे बर्फ वितळत नाही, थेट वाफ होतो. त्यासाठी उष्णता द्यावीच लागते, पण बेतानं. घाई केली की बर्फ वितळतो आणि जाळीदार रचना बसते. एका खेपेला बरेच तास जातात, वर निर्वात पंपाचा खर्च. साध्या दुधाला हा थाट परवडत नाही. दह्याच्या विरजणातले जिवंत जिवाणू सुकवायचे असले, की मात्र डेअरीवाले याच यंत्राकडे वळतात.