‘अगं आई’ कोण आणि ‘अहो आई’ कोण? घरातल्या बोलण्याचं न शिकवलेलं व्याकरण

लग्नानंतरचा पहिला गणपती. नवी सून नवऱ्यासोबत त्याच्या गावच्या घरी पोहोचते. दारातच सासूबाई, आजेसासूबाई, दोन चुलत सासरे, एक मोठी जाऊ, कॉलेजात जाणारा दीर आणि पायात घुटमळणारी चार वर्षांची पुतणी. पुढच्या दोन मिनिटांत तिला या प्रत्येकाशी काहीतरी बोलायचं आहे आणि प्रत्येक वाक्यात एक निर्णय घ्यायचा आहे: अरे, अगं की अहो?

इंग्रजीत ‘हॅलो’ सगळ्यांना चालतं. मराठीत ‘नमस्कार’ही चालतो, पण घरातल्या घरात तो शब्द उच्चारणं जरा परकं वाटतं. ‘नमस्कार, मावशी!’ असं म्हणत कोणी मावशीच्या घरात शिरत नाही. घरात नमस्कार म्हणायचा नसतो, करायचा असतो, म्हणजे वाकून. तोंडाने मात्र ‘काय गं, कधी आलीस?’ किंवा ‘काय म्हणताय काका?’ असंच निघतं. म्हणजे घरातलं खरं अभिवादन त्या गं, रे आणि अहोमध्ये दडलेलं असतं.

वय मोठं, तरी ‘तू’?

वडीलधाऱ्यांना ‘अहो’ आणि लहानांना ‘अरे’, हा शाळेतला नियम घरात पहिल्याच नात्याला मोडतो. बहुतेक घरांत आई ‘अगं’ असते आणि बाबा ‘अहो’. आजीला ‘तू जेवलीस का?’ विचारणारा नातू त्याच दमात आजोबांना ‘तुम्ही जेवलात का?’ विचारतो. मोठ्या भावाला नावाने हाक मारत नाहीत, दादा म्हणतात, पण क्रियापद ‘तू’चंच: ‘दादा, तू कधी येणार?’ म्हणजे मान हाकेत आणि जवळीक क्रियापदात. (बाबांना ‘अरे बाबा’ म्हणणारी पिढी आता मोठी झाली आहे. आमच्या डेस्कवर यावरून दोन तट पडले, आणि दोन्ही तटांना आपलंच घर नॉर्मल वाटत होतं.)

सासरी मात्र वय आणि जवळीक यांच्यात तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे नातं. सासूबाईंनाही आई म्हणायचं असतं, पण ‘अहो आई’. म्हणूनच अनेक मुली मैत्रिणींशी बोलताना ‘अहो आई’ हा शब्द सासूबाईंसाठी नामासारखा वापरतात. ‘आज अहो आई येणार आहेत’ म्हटलं की कोण, ते वेगळं सांगावं लागत नाही. नवऱ्याला ‘अहो’ म्हणण्याची रीत कमी झाली तरी ‘माझे अहो’ शिल्लक आहेत, तसंच हे.

हे सगळीकडे सारखं नाही. काही जुन्या घराण्यांत सख्ख्या आईलाही ‘अहो’च म्हणतात आणि काही घरांत सासू पहिल्याच दिवशी सांगून टाकते, ‘मला अगंच म्हण.’ त्यामुळे एका घरचा नियम दुसऱ्या घरी लावायला गेलं की पंचाईत होते.

‘काकू, तुम्ही कसे आहात?’

सगळ्यात जास्त घसरतं ते इथे. हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं, मेसेजमध्ये तर जास्तच. आदरासाठी अनेकवचन हवं हे बरोबर, पण त्या अनेकवचनातही लिंग असतं. काका ‘कसे आहात’, काकू ‘कशा आहात’. काका बरे असतात, काकू बऱ्या असतात. ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण बाकीची रोजची वाक्यं आपल्याला वाचवतात. ‘तुम्ही कधी आलात?’, ‘बसा ना’, ‘चहा घेणार का?’ यांत बाई-पुरुष फरकच नाही. ‘तू’ म्हणताना मात्र तो लगेच दिसतो: आलास, आलीस.

आपल्या नव्या सुनेचा खरा पेच आजेसासूबाई किंवा सासूबाई नाहीत. तिथे ‘अहो’ ठरलेलं आहे. पेच आहे तो मोठ्या जाऊबाईंचा. वयाने त्या हिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, नात्याने मोठ्या. ‘तुम्ही’ म्हणावं तर दुरावा, ‘तू’ म्हणावं तर मागे चुलत सासरे उभे.

अशा वेळी मराठी माणूस काय करतो, हे नीट ऐकलं तर मजा वाटेल. तो समोरच्या माणसाला वाक्यातून काढूनच टाकतो. ‘प्रवास कसा झाला?’, ‘तब्येत कशी आहे?’, ‘जेवण झालं का?’ यांत ‘कसा’ प्रवासाला लागतो, ‘कशी’ तब्येतीला आणि ‘झालं’ जेवणाला. तू की तुम्ही, हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे सून म्हणते, ‘वहिनी, गर्दी होती का गाडीला?’ आणि जाऊबाईंच्या उत्तराची वाट बघते. उत्तर ‘अगं, विचारू नकोस’ असं आलं की दार उघडलं. ‘हो ना, तुम्ही कशा आलात?’ असं आलं, तर अजून थोडे दिवस तुम्हीच.

दुसरी खूण म्हणजे पाठीमागचं बोलणं. समोर कोणी काहीही म्हणो, तिसऱ्याशी बोलताना ‘वहिनी आली’ म्हणतात की ‘वहिनी आल्या’, यावरून घराने त्या व्यक्तीला कुठे बसवलंय ते कळतं.

दिराला सरळ नाव आणि ‘अरे’. तो उलट वहिनी म्हणणार, वयाने बरोबरीचा असला तरी.

चार वर्षांच्या पुतणीला

लहान मुलांशी बोलताना हे सगळं व्याकरण सैल होतं. पुतणीलाही ‘काय रे सोन्या’ म्हटलेलं चालतं. मुलीला लाडाने ‘रे’ म्हणणं हे मायेचंच मानतात. ‘आलं का माझं बाळ?’ असं नपुंसकलिंगही इथेच शोभतं. मुलांकडून मात्र बोलण्याच्या आधी कृती करून घेतात: ‘काकूला जय कर’, ‘आजीच्या पाया पड’, निघताना ‘टाटा कर’. वाकलेल्या मुलाला ‘मोठा हो’, ‘सुखी राहा’ असं काहीतरी मिळायलाच हवं. वाकलं आणि वरून काहीच आलं नाही, तर नमस्कार अर्धा राहिल्यासारखा वाटतो.

कधी वाकायचं नाही

आजेसासूबाई आत पलंगावर आडव्या असतील, तर सुनेने थांबायचं. झोपलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत, कारण तसा नमस्कार मृतदेहाला करतात, असं घरोघरी सांगितलं जातं. आजारी माणसाला उठवून बसवता येत नसेल, तर उशाशी बसून हात हातात घेतात, तब्येत विचारतात, तेवढं पुरतं. सुतक असलेल्या घरीही अनेक ठिकाणी नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही थांबतात.

निघतानाचा शब्दही असाच. घरातून बाहेर पडणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणतो. कोणी चुकून ‘जातो’ म्हटलंच तर आजी हटकते: ‘जातो काय, येतो म्हण.’ आतून उत्तर येतं, ‘ये हं, सावकाश जा.’

फक्त दुःखाच्या घरी भेटायला गेलेली माणसं ‘येतो’ म्हणत नाहीत. ती थोडा वेळ बसतात, उठतात आणि काही न बोलता चपला घालून निघतात. दारापर्यंत सोडायलाही कोणी येत नाही.