डब्यात किती पोळ्या द्यायच्या?

“आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा आपल्या पहिलीच्या वर्गात आहे. वय साडेसहा, उंची ११४ सेंटिमीटर, वजन १६ किलो. वजन कमी आहे असं डॉक्टर म्हणाले. मी डब्यात दोन पोळ्या आणि भाजी देते, पण निम्मा डबा परत येतो. डबा किती द्यावा, कृपया कळवावं.”

जूनमध्ये शाळा सुरू झाली की एखाद्या आईनं असं पत्र लिहावं, यात नवल नाही. पत्रात एक गोष्ट तिनं फार चांगली केली आहे. ‘फार बारीक आहे हो’ असं न म्हणता तिनं वय, उंची आणि वजन तिन्ही आकडे दिले आहेत. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. इथं उत्तर साधारण १२.३ येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांचा मधला आकडा १५.४ च्या आसपास आहे आणि १३ च्या खाली गेलं की मूल कृश समजतात. म्हणजे काळजी खरी आहे. मोठ्या माणसांचा १८.५ चा नियम मात्र मुलांना लावू नये. त्या मापानं धडधाकट मूलही कृश ठरेल.

प्रश्न विचारण्यात मात्र आई थोडी चुकली. पोळ्या किती द्यायच्या, हे बाई सांगू शकत नाहीत, ते आहारतज्ज्ञांचं काम. पण घरी कधीच न दिसणारी गोष्ट बाईंना रोज दिसते : डबा उघडल्यापासून बंद होईपर्यंत काय होतं. म्हणून आईनं असं विचारायला हवं : सुट्टी किती मिनिटांची? हात धुऊन तो डब्याशी कधी बसतो? आधी काय खातो, काय उरवतो? शेंगदाणे किंवा अंडं आणायला शाळेची मनाई आहे का?

समजा, बाईंचं उत्तर आलं : “सुट्टी पंधरा मिनिटांची. हात धुण्याच्या रांगेत पाच जातात. तो पोळी तोडत बसतो, निम्मी होईपर्यंत घंटा वाजते. शेंगदाण्याला हरकत नाही.”

आता हिशेब करू. मध्यम आकाराची पोळी साधारण शंभर कॅलरीची. दोन पोळ्या आणि थोडी भाजी मिळून डबा अडीचशेच्या घरात जातो. निम्मा परत आला, म्हणजे पोटात सव्वाशे गेल्या. आईनं तिसरी पोळी भरली असती, तर परत येणारा डबा तेवढा जड झाला असता.

त्याऐवजी एक पोळी कुस्करायची, त्यात दोन चमचे गूळ, दोन चमचे दाण्याचं कूट, एक चमचा साजूक तूप घालून दोन छोटे लाडू वळायचे. हे सुमारे २४० कॅलरीचं होतं आणि चार-पाच मिनिटांत संपतं. डबा लहान झाला, पण पोटात जाणारं अन्न जवळजवळ दुप्पट झालं. गोड रोज नको, दातांचाही विचार हवा. एखाद्या दिवशी लोणी लावलेल्या थालीपिठाचे घासाएवढे तुकडे, एखाद्या दिवशी पनीर किसून घातलेलं मुगाचं धिरडं.

एवढ्यानं दिवसाची गरज भागत नाही, हेही खरं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण आहे. पंधरा मिनिटांच्या डब्यात ते बसवायचा अट्टहास करू नये. उरलेलं शाळेतून आल्याबरोबर वरणभात-तूप, दूध-केळं किंवा अंड्याच्या रूपात द्यावं. मात्र जेवायच्या तोंडावर बिस्किटं दिली, तर भूक तिथंच मरते.

महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, बूट काढून वजन करावं. या वयात मूल वर्षाला साधारण दोन ते अडीच किलो वाढतं, म्हणजे महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास. आठवड्याला काट्यावर उभं केलं, तर नुसता गोंधळ होतो. डबा रिकामा येऊनही दोन-तीन महिन्यांत काटा हलला नाही, वजन घटलं, किंवा सतत जुलाब, खोकला, ताप असेल, तर दोष डब्याचा नाही. तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडेच जायचं. जंताचं औषध कधी दिलं होतं, हेही त्यांना सांगायचं.

आईच्या पुढच्या पत्राला मग एवढ्या दोनच ओळी पुरतील : “बाई, आजपासून डबा छोटा देते आहे. काही उरलं तर ते तसंच डब्यात राहू द्या, टाकायला सांगू नका. मला बघायचं आहे.”