शिफ्टची यादी सॉफ्टवेअर लावणार. पत्र कधी आणि कशासाठी?

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात पाळ्या एआय लावणार असं कळलं की पहिला गैरसमज ऐकू येतो: पाळी लावणं हा मॅनेजमेंटचा अधिकार, त्यात युनियनला विचारायचं काय?

अधिकार आहे, पण मोकाट नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 40 प्रमाणे, तिसऱ्या अनुसूचीतल्या बाबी बदलायच्या तर आधी कामगारांना नोटीस द्यावी लागते आणि 21 दिवस बदल करता येत नाही. कामाचे तास, विश्रांती आणि स्थायी आदेशांबाहेर जाऊन पाळ्यांत केलेला बदल या बाबी त्या अनुसूचीत आहेत. जुन्या 1947 च्या कायद्यातही कलम 9-अ हेच सांगत होतं.

मात्र इथे युनियनचे प्रतिनिधीही चुकतात. एआय आलं म्हणून आपोआप नोटीस लागत नाही. पाळ्यांचा क्रम तोच राहून फक्त नावं संगणक भरणार असेल, तर कलम 40 चा मुद्दा लंगडा पडतो. म्हणून युनियनने मॅनेजमेंटला द्यायच्या पत्रातला पहिला प्रश्न हाच हवा: क्रम, वेळा, साप्ताहिक सुट्टी यांतलं नेमकं काय बदलणार?

दुसरा गैरसमज, यंत्र कुणाची बाजू घेत नाही. यंत्राला जे सांगितलं तेवढंच ते सांभाळतं. समजा, रात्रपाळी सकाळी 6 ला सुटली आणि त्याच माणसाला दुपारी 2 ची पाळी लागली. मध्ये आठ तास आहेत. तो नागपूरहून, तीसेक किलोमीटरवरून कंपनीच्या बसने येत असेल, तर बसची वाट, प्रवास, आंघोळ, जेवण वजा जाता झोपेला जेमतेम चार-पाच तास उरतात. प्रत्येक पाळी आठच तासांची असल्यामुळे हिशेबात चूक दिसत नाही. दोन पाळ्यांमध्ये किमान किती तास हवेत, ही अट कुणीतरी आधी घालावी लागते. बसच्या वेळा, सलग रात्रपाळ्यांची मर्यादा, यादी किती दिवस आधी लावायची, बदली मागितल्यास निर्णय कोणता माणूस देणार, हेही पत्रात लेखी मागावं. ट्रायल सुरू होण्याआधी मागावं, कारण एकदा अटी बसल्या की त्या बदलणं खर्चाचं कारण सांगून टाळलं जातं.

तिसरा गैरसमज, नोटीस म्हणजे संमती. तसं नाही. 21 दिवसांत युनियन चर्चा मागू शकते. मार्ग निघाला नाही तर वाद समेट अधिकाऱ्याकडे नेता येतो. तातडीच्या पाळीबदलाला नोटिशीतून सूट आहे, पण तिथेही तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करावी लागते. तातडी कशाची, हे त्या बैठकीत विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.

पत्राच्या आपल्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नये.