अपठित उताऱ्यावरील प्रश्न : आकलनाची परीक्षा की शब्दांचा शोध?

माध्यमिक शालान्त परीक्षेच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत 80 गुणांपैकी 4 गुण अपठित गद्य उताऱ्यासाठी असतात. 2019 च्या परीक्षेपासून रूढ झालेल्या आराखड्यात पठित उताऱ्यांना आकलनाबरोबर स्वमताची कृतीही जोडलेली आहे. अपठित उताऱ्याला मात्र केवळ आकलनाच्या दोन कृती असतात. गुण थोडे असले तरी या प्रश्नाचे स्थान वेगळे आहे. पाठाखालचा स्वाध्याय, मार्गदर्शकातील तयार उत्तर, वर्गात लिहून घेतलेला निबंध यांपैकी काहीही येथे उपयोगी पडू नये, अशी अपेक्षा असते. विद्यार्थ्यासमोर एक अनोळखी मजकूर आणि त्याची स्वतःची वाचनशक्ती एवढेच उरते. ही अपेक्षा पुरी होते की नाही, हे उताऱ्यापेक्षा त्याखालच्या प्रश्नांवर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नांचाच विचार केला आहे.

प्रथम एक वाक्य पाहावे : ‘तांबळ दुरकाने सोंगरात झिपोळी मुळकवली.’ या वाक्यातील एकाही शब्दाला अर्थ नाही. ते येथे मुद्दाम रचलेले आहे. तरीही त्यावर प्रश्न विचारता येतात. झिपोळी कोणी मुळकवली? तांबळ दुरकाने. कोठे मुळकवली? सोंगरात. दुरकाने काय केले? झिपोळी मुळकवली. तिन्ही उत्तरे बिनचूक आहेत, पूर्ण गुणांची आहेत, आणि उत्तर लिहिणाऱ्याला काहीही समजलेले नाही.

हे कशामुळे घडते? मराठीत प्रश्नार्थक शब्द उत्तराच्याच जागी बसतो. इंग्रजीत प्रश्न करताना वाक्याची मांडणी बदलावी लागते, प्रश्नशब्द आरंभी आणावा लागतो. मराठीत ‘दुरकाने’ या शब्दाच्या जागी ‘कोणी’ ठेवले की प्रश्न तयार होतो आणि ‘कोणी’ काढून ‘दुरकाने’ ठेवले की उत्तर. शिवाय विभक्तिप्रत्यय वाट दाखवतात : ‘ने’ दिसला की कर्ता किंवा साधन, ‘त’ दिसला की स्थळ. मराठी मातृभाषा असलेल्या मुलाला ही खूण शाळेत येण्यापूर्वीच अवगत असते. म्हणून उताऱ्यातील एखादे वाक्य घेऊन त्यातील एक पद काढून विचारलेला प्रश्न हा मुलाच्या व्याकरणज्ञानाची परीक्षा घेतो, आणि तीही त्याला आधीच येत असलेल्या व्याकरणाची.

याचा पडताळा एका अर्थपूर्ण उताऱ्यावर घेणे योग्य ठरेल. त्यासाठी करवीर तालुक्यातील उचगावसारख्या गावातील नववीचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवला आहे. (बेळगावजवळचे उचगाव निराळे.) हे गाव कोल्हापूर शहराला लागून आहे. एकीकडे उसाची शेती, दुसरीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. अशा वर्गात गुऱ्हाळ रोज पाहिलेला मुलगा आणि गूळ केवळ दुकानात पाहिलेली मुलगी एकाच बाकावर बसणे शक्य असते. प्रश्नरचनेच्या दृष्टीने ही परिस्थिती महत्त्वाची आहे. उतारा असा :

‘रस उकळू लागला की गुळव्या काहिलीजवळून हलत नाही. भेंडीचे पाणी घातल्यावर वर येणारी मळी तो झाऱ्याने काढून टाकतो. यंदा आत्माराम गुळव्याच्या हाताखाली त्याचा पुतण्या पहिल्यांदाच उभा होता. दाट फेस येताच पुतण्या म्हणाला, “काका, झालं की! उतरवूया.” आत्माराम काही बोलला नाही. त्याने थंड पाण्याच्या तांब्यात पाकाचा थेंब सोडला. थेंब पसरला. जाळ तसाच चालू राहिला. काही वेळाने सोडलेल्या थेंबाची गोळी झाली. आत्मारामने मान हलवली आणि गड्यांनी काहील उतरवली. दुसऱ्या दिवशी फेस आला, तेव्हा पुतण्या काही न बोलता तांब्या भरून आणायला गेला.’

या उताऱ्यावर सहज सुचणारा पहिला प्रश्न म्हणजे ‘गुळव्या मळी कशाने काढून टाकतो?’ उत्तर ‘झाऱ्याने’. हा प्रश्न ‘दुरका’च्या जातीचा आहे. मळी म्हणजे काय आणि झारा म्हणजे काय हे ठाऊक नसलेला विद्यार्थीही तो सोडवील. कृतिपत्रिकेत हाच प्रश्न चौकटीत येतो : ‘मळी काढण्याचे साधन’ असे लिहून पुढे रिकामी चौकट. काही वेळा त्याचा ओघतक्ता होतो. भोवतीची आकृती बदलली तरी वाचनाची पातळी बदलत नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. वरील उताऱ्यात घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या आहेत; त्यांचा ओघतक्ता पूर्ण करणे म्हणजे वाक्ये आखूड करून उतरवणे. निवेदनाचा क्रम आणि घटनांचा क्रम भिन्न असलेल्या उताऱ्यावरच ओघतक्त्याला काही अर्थ प्राप्त होतो.

दुसरा प्रश्न : ‘गूळ कशापासून तयार करतात?’ वर्गातील बहुतेक मुले ‘उसाच्या रसापासून’ असे लिहितील. परंतु उतारा पुन्हा पाहिला तर ध्यानात येते की त्यात ‘ऊस’ हा शब्द नाही, ‘गूळ’ हाही नाही. प्रश्नकर्त्याने आपले ज्ञान उताऱ्यात वाचले आणि विद्यार्थ्याने आपले ज्ञान उत्तरात लिहिले. उतारा मध्ये आलाच नाही. हा दोष पहिल्यापेक्षा अधिक फसवा असतो, कारण उत्तर शब्दशः उचललेले नसल्यामुळे ते आकलनाचे उत्तर भासते. त्यात अन्यायही आहे. शिवारातल्या मुलाला येथे गुण मिळतात ते वाचनाचे नव्हेत. उद्या उतारा बंदरावरचा आला तर तेच गुण रत्नागिरीच्या मुलाला मिळतील.

हा दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. उतारा झाकावा आणि नुसते प्रश्न दुसऱ्या तुकडीला द्यावेत. 1990 साली अमेरिकेत स्टुअर्ट कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एका प्रसिद्ध परीक्षेतील वाचनाचे प्रश्न उतारे न देता विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतले, तेव्हा निव्वळ अंदाजाने मिळतील त्याहून बरेच अधिक गुण त्यांना मिळाल्याचे आढळले. शाळेच्या पातळीवर हा प्रयोग एका तासिकेत होतो. चार पर्यायांचा प्रश्न 20 मुलांना उताऱ्याविना दिला, तर डोळे मिटून खूण करण्याने सरासरी 5 उत्तरे बरोबर यावीत. ती 14 आली, तर प्रश्न उताऱ्यावर आधारलेला नाही हे सांगायला शास्त्रज्ञ नको. 7 किंवा 8 आली तर मात्र निष्कर्षाची घाई करू नये. इतक्या लहान गटात एवढा फरक योगायोगानेही पडतो. पर्याय नसलेल्या प्रश्नात अंदाजाला फारसा वाव नसल्याने चार-पाच अचूक उत्तरेही शंका घेण्यास पुरेशी आहेत.

याउलट विद्यार्थ्याचे पूर्वज्ञान उताऱ्याच्या आड येईल असा प्रश्न विशेष मोलाचा असतो. ‘मळी’ हाच शब्द घ्यावा. कसबा बावड्याच्या राजाराम साखर कारखान्यात किंवा अन्य कोणत्याही साखर कारखान्यात ‘मळी’ म्हणजे साखर निघाल्यावर उरणारा काळा, दाट द्रव. गुऱ्हाळावर ‘मळी’ म्हणजे उकळत्या रसावर तरंगून येणारी घाण. ‘या उताऱ्यात मळी म्हणजे काय, ते कोणत्या शब्दांवरून कळते?’ असा प्रश्न विचारला, तर कारखान्याची माहिती असलेल्या मुलालाही ती बाजूला ठेवून ‘वर येणारी’ आणि ‘काढून टाकतो’ या शब्दांकडे यावे लागते. गुऱ्हाळ न पाहिलेली मुलगी त्याच शब्दांवरून तेथेच पोहोचते. गुऱ्हाळावरच राबणाऱ्या घरातील मुलाला अर्थ आधीच ठाऊक असेल, हे खरे. म्हणून प्रश्नाचा उत्तरार्ध, म्हणजे आधाराचे शब्द मागणे, गाळता येत नाही.

आता उताऱ्याच्या मर्माकडे जाणारा प्रश्न : ‘दुसऱ्या दिवशी पुतण्या तांब्या भरून आणायला का गेला?’ ‘का’चे उत्तर उताऱ्यात लिहिलेले नाही. ते मिळवण्यासाठी तीन ठिकाणे जोडावी लागतात : फेस येताच पुतण्याने केलेली घाई, पसरलेला थेंब आणि नंतर झालेली गोळी. शब्द जुळवून पाहणारा विद्यार्थी शेवटचे वाक्य उलटे लिहील : ‘फेस आला म्हणून तांब्या आणायला गेला.’ ज्याला उतारा कळला तो लिहील की नुसता फेस आल्याने पाक झाला असे होत नाही, थेंब पाण्यात टाकून पाहावा लागतो, हे पुतण्या आदल्या दिवशी शिकला होता. उतारा झाकून हा प्रश्न दिल्यास तो सुटत नाही.

असे प्रश्न कृतिपत्रिकेत कमी का येतात, याचे कारण तपासणीत आहे. असंख्य उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांनी तपासायच्या, तेव्हा सर्वांचे गुण सारखे पडावेत म्हणून आदर्श उत्तर दिले जाते. आणि एकच एक आदर्श उत्तर ठेवायचे तर उताऱ्यातून उचलता येणारा शब्द सर्वांत सोयीचा. सोयीपुढे हेतू मागे पडतो. यावर तोडगा आदर्श उत्तर काढून टाकण्याचा नाही, त्याचे रूप बदलण्याचा आहे. वरील प्रश्न 2 गुणांचा धरल्यास परीक्षकाला वाक्य देण्याऐवजी दोन मुद्दे द्यावेत : पाक तपासण्यासाठी तांब्या हवा होता, 1 गुण, फेसावर विसंबता येत नाही हे आदल्या दिवशी त्याने पाहिले होते, 1 गुण. सोबत न स्वीकारण्याची उत्तरेही लिहून ठेवावीत. ‘काकांनी सांगितले म्हणून’ हे उत्तर भाषेने कितीही शुद्ध असले तरी त्याला गुण नाही. आत्माराम उताऱ्यात एक शब्दही बोलत नाही. ‘तहान लागली म्हणून’ यालाही नाही. ‘काकांसारखे करायचे म्हणून’ या उत्तराला एक गुण देता येईल, कारण आदल्या दिवसाशी जोड झाली आहे, परंतु कारण उलगडलेले नाही.

अनुमानाच्या प्रश्नाचीही एक कड असते आणि ती ओलांडली की तो प्रश्न पुन्हा सैल होतो. ‘आत्मारामचा स्वभाव कसा होता?’ हे त्याचे उदाहरण. अबोल, कडक, अनुभवी, अहंकारी, प्रेमळ अशी उत्तरे येतील आणि प्रत्येकाची बाजू काही प्रमाणात मांडता येईल. ‘अहंकारी’ चूक का, हे परीक्षक सांगू शकणार नाही. हा प्रश्न ‘आत्माराम शब्दांपेक्षा कृतीने सांगतो, हे दाखवणाऱ्या दोन गोष्टी लिहा’ असा केला की विद्यार्थ्याला उताऱ्याकडे परतावे लागते : घाई करणाऱ्या पुतण्याला उत्तर न देता सोडलेला थेंब, आणि शेवटी नुसती हललेली मान. स्वभावाचे अनुमान येथे प्रश्नकर्त्यानेच दिले असून पुरावा शोधण्याचे काम विद्यार्थ्याकडे ठेवले आहे. नववीच्या वर्गात आरंभ येथून करावा. अनुमान आणि पुरावा दोन्ही विद्यार्थ्याकडून मागणे ही पुढची पायरी; तिला दोन गुण अपुरे पडतात, तीन-चार ओळींची जागाही अपुरी पडते, आणि असा प्रश्न घटक चाचणीत घेणे अधिक श्रेयस्कर, कारण तेथे उतारा शिकवणारा आणि उत्तर तपासणारा शिक्षक एकच असतो व संशयास्पद उत्तर लिहिणाऱ्या मुलाला ‘हे तुला कोणत्या ओळीत दिसले?’ असे समोरासमोर विचारता येते.